नवव्या मिनिटाचा खर्च

फेब्रुवारीची सहा तारीख. घरात जीव पाच: वरच्या मजल्यावर चार विद्यार्थी आणि तळमजल्यावर मालकीण. मालकिणीच्या हिशेबी सहा, कारण ती मांजरीलाही मोजत असे. भाडे घेताना मात्र तिला चारच जीव दिसत.

त्या चौघांत एकीला सगळे हेडमास्तरीण म्हणत. सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला ती घरापासून फार दूर आली होती. दूध कोणी संपवले, कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, वॉशिंग मशीनमध्ये परक्याचे ओले कपडे किती वेळ राहू द्यावेत, या प्रत्येक बाबतीत तिचे मत असे आणि ते बरोबरही असे. बरोबर असण्यात एक प्रकारचा उर्मटपणा असतो. तो तिच्यात पुरेपूर होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला ती बसे. ती जागा कोणी तिला दिली नव्हती, पण कोणी घेतही नसे.

त्या तारखेला तिचा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा एक दिवस, असा तो प्रकार. या प्रकाराबद्दल चांगले बोलावे असे फारसे काही नाही. गजर वाजतो, पडदा सरकतो, कपातून वाफ निघते, झाडांच्या रांगेतून कोणी पाठ करून चालत जाते, ग्रंथालयात वही उघडते. जिथे कष्ट आहेत तिथे संगीत आहे आणि जिथे पैसे आहेत तिथे कात्री. घरी बसलेली पोरे हे पाहतात, त्यांचे आईबाप त्यांच्या खांद्यावरून पाहतात, आणि एका पडद्याच्या सरकण्यावर घर गहाण पडते.

हेडमास्तरणीला हा प्रकार मनापासून तुच्छ वाटे. म्हणूनच तिने तो केला, पण आपल्या पद्धतीने. निमित्त मावशीचे होते. मावशीची धाकटी पुढच्या वर्षी अशाच शिक्षणाला निघणार होती आणि मावशीने फोनवर सरळ विचारले होते, "तू सांग खरं. तिकडे महिन्याला लागतात किती, आणि काम करून निघतात किती?"

फोनवर तोंडी आकडा सांगून ती मोकळी झाली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण विद्यापीठात शिकलेल्या माणसाला एका माणसाला उत्तर देणे कमीपणाचे वाटते. त्याला समाजाला उत्तर द्यायचे असते. ती म्हणाली, "मी नीट व्हिडिओ करते मावशी. तुमच्यासारखे हजार जण विचारतात."

तीन आठवडे तिने चित्रीकरण केले. पहाटे बेकरीच्या मागच्या खोलीत ती पीठ लागलेले ट्रे गरम पाण्यात घासे. तिथल्या फोरमनची परवानगी काढून तिने आपले लाल झालेले हात दाखवले. बसथांबा दाखवला, पासची किंमत दाखवली. आपली खोली तिने दाखवली ती दारात उभी राहून, कारण आत उभे राहून ती पूर्ण दिसेल एवढी ती मोठी नव्हती. मग व्याख्यान, ग्रंथालय, डब्यातली उकडलेली अंडी. आणि शेवटी, नवव्या मिनिटाला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने हिशेब सांगितला. आपल्या पैशात खोलीचे बावन्न हजार, खाण्याचे अठरा, आरोग्य विम्याचे नऊ, बसचे सात, फोनचे दोन. महिन्याला अठ्ठ्याऐंशी हजार. काम मिळाले, आणि कायद्याने परवानगी आहे तितके सगळे तास मिळाले, तर चांगल्या महिन्याला अडतीस हजार. पहिले तीन महिने तिला काम मिळालेच नव्हते. तेही तिने सांगितले. दोन महिन्यांचे भाडे मालकिणीकडे अनामत अडकले आहे, तेही. आणि शेवटचे वाक्य कॅमेऱ्यात पाहून म्हटले: "खर्च निघतो असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा की त्याला हे सांगायचे किती मिळतात."

व्हिडिओ खरा होता. त्याची मांडणी मात्र प्रबंधाची होती: आधी प्रस्तावना, मग निरीक्षणे, निष्कर्ष शेवटी. प्रबंध वाचणारा परीक्षक पगारी असतो, म्हणून तो शेवटपर्यंत जातो. बिनपगारी माणूस तिसऱ्या मिनिटाला निघून जातो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने विचारलेही नव्हते.

चॅनेल तिच्या दादाच्या नावावर होते. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, घरीच असणारा. गेल्या दोन वर्षांत त्याने तीन नोकऱ्या सोडल्या होत्या; तो सोडल्या म्हणे, वडील सुटल्या म्हणत. हल्ली तो स्वतःला व्हिडिओच्या मेटाडेटाचा माणूस म्हणवून घेई. मेटाडेटा म्हणजे व्हिडिओ सोडून व्हिडिओबद्दल जे काही लिहिले जाते ते सगळे: वरचे शीर्षक, खालचे वर्णन, शोधशब्द, प्रकरणांच्या वेळा, आणि व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या मुखचित्रावरची ठळक अक्षरे. बहीण चित्रीकरण करून कापून पाठवी, दादा पाटी रंगवी. तिला चॅनेलवर संपादकाची परवानगी होती. म्हणजे शीर्षक आणि वर्णन तिला बदलता येई. व्हिडिओ काढून टाकणे किंवा दुसऱ्याचे अधिकार काढणे फक्त मालकाच्या, म्हणजे दादाच्या, हातात होते.

या कामाचा तिला तिटकारा होता आणि म्हणून तिने ते दादावर सोडले होते. ज्या कामाला आपण क्षुद्र समजतो ते क्षुद्र माणसाच्या हाती देऊन आपण स्वच्छ राहतो, ही शिकलेल्यांची जुनी सोय आहे. तरी या वेळी तिने स्वतः शीर्षक सुचवले होते: "परदेशातील विद्यार्थ्याचा एक दिवस: महिन्याचा खरा खर्च, काम करून निम्माही निघत नाही."

"अगं, पंचांग लिहितेस का?" दादा व्हिडिओ कॉलवर म्हणाला होता. त्याच्या मागे भिंतीवर परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एका समुपदेशन संस्थेचे कॅलेंडर होते. विमान, मनोरे आणि पदवीची टोपी घातलेला, अजून कुठलेही शिक्षण न झालेला एक तरुण. "फोनवर पहिली पन्नाससाठ अक्षरं दिसतात. तुझं अर्धं शीर्षक कापलं जाईल."

"मग 'निम्माही निघत नाही' आधी घे."

"'नाही' शब्द शीर्षकात असला की लोक दाबत नाहीत."

"लोकांनी दाबावं म्हणून केलेला नाही. कळावं म्हणून केलाय."

"दाबल्याशिवाय कळेल कसं, हेडमास्तरीणबाई? तू अभ्यास कर. पाटीचं मी बघतो."

यात तो चुकीचे काही बोलत नव्हता, हेच त्याचे भांडवल. लबाड माणसाच्या दहा वाक्यांतली नऊ खरी असतात. दहाव्यासाठी तो त्या नवांची मेहनत घेतो.

तिने अभ्यास केला. व्हिडिओ प्रसिद्ध झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पाटी पाहिली. शीर्षक होते: "परदेशात शिका आणि खर्च काढा: माझा एक दिवस." मुखचित्रावर बेकरीच्या दारात हसणारी ती होती आणि तिच्या चेहऱ्याशेजारी पिवळ्या अक्षरांत दोन शब्द: "खर्च निघतो". शब्द तिचेच होते. दादाने तिच्या शेवटच्या वाक्यातले पहिले दोन उचलले होते आणि बाकीचे वाक्य तिथेच, नवव्या मिनिटाच्या पुढे, ठेवून दिले होते. वर्णनाच्या वरच्या ओळीत, जी न उलगडता दिसते, त्या समुपदेशन संस्थेच्या मोफत मार्गदर्शनाचा दुवा होता. पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे हे कबूल करायची एक चौकट असते, ती रिकामी होती. खाली कुठेतरी, "आणखी" दाबल्यावर, प्रकरणांच्या वेळा होत्या. पण ती यादी शून्य मिनिट शून्य सेकंदापासून सुरू झाली तरच व्हिडिओच्या पट्टीवर प्रकरणांचे नावानिशी तुकडे पडतात. दादाने संस्थेच्या दुव्यासाठी जागा करताना ती पहिली, त्याच्या मते निरुपयोगी, ओळ पुसली होती. तेवढ्याने सगळी प्रकरणे पट्टीवरून गेली होती. हे त्याने लबाडीने केले नव्हते. आपल्या धंद्याचे एवढेही त्याला ठाऊक नव्हते.

हे सगळे तिने पाहिले. मग तिने प्रेक्षकांचा आकडा पाहिला.

तिच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून जेवढे लोक लाभले नव्हते, तेवढे एका दिवसात आले होते. तिने फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा आकडा पाहिला. दादाला फोन करावा असे मनात आले. व्याख्यान झाल्यावर करू, असे तिने ठरवले. व्याख्यानानंतर आकडा आणखी वाढला होता. मग उद्या करू म्हणाली.

घरातल्या चौघांत एकाला पाहुणा म्हणत, कारण तो दोन आठवड्यांसाठी आला होता आणि त्याला दीड वर्ष झाले होते. तो ब्रेडला लोणी लावत म्हणाला, "अभिनंदन. तुझा खर्च निघतो म्हणे. माझ्या वाटचं वीजबिल भरतेस का या महिन्याचं?"

"आतमध्ये खरं सांगितलंय सगळं."

"आत कोण जातंय? मी पण नाही गेलो."

"मग बोलू नकोस."

"बोलत नाही. पाटी वाचून अभिनंदन करतोय." त्याने ब्रेडचा घास घेतला. "लोकही तेच करतायत. खालच्या कमेंट वाच."

तिने त्या वाचल्या होत्या. ताई, कुठल्या बेकरीत काम मिळतं. ताई, बाबा नाही म्हणत होते, तुझा व्हिडिओ दाखवला. ताई, तू प्रेरणा आहेस. शेकड्यांनी होत्या, आणि त्यांतली एकही नवव्या मिनिटाच्या पलीकडून आलेली नव्हती. या लोकांबद्दल तिला कणव वाटायला हवी होती. तिला वाटली ती किळस. हे शोधत आले होते ते होकार शोधत आले होते; नकार त्यांच्यासमोर नवव्या मिनिटाला उभा होता आणि त्यांनी मान वळवली होती. पण किळस हे फार सोयीचे आसन आहे. त्यावर बसले की आपण काय केले हे दिसत नाही. चार दिवस ती त्यावर बसून राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी, ती मशीनमधून ओल्या चादरी काढत असताना, मावशीचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"तुझे उपकार झाले गं बाई. काकांचा जीव भांड्यात पडला."

"कसला?"

"अगं, तुझा तो व्हिडिओ. दादाने घरच्या ग्रुपवर टाकला ना. इतके दिवस नुसतं गणित चाललेलं, कर्ज काढायचं की नाही, घर तारण ठेवायचं की नाही. आता तूच लिहिलंयस म्हटल्यावर काय. आज सकाळी त्या संस्थेत जाऊन धाकटीची नोंदणी केली. पंचाहत्तर हजार भरले. सोमवारी बँकेत सह्या."

चादरीतून पाणी तिच्या पायावर गळत होते.

"मावशी, तू व्हिडिओ पाहिलास?"

"पाहिला की."

"पूर्ण?"

"अगं, ग्रुपवर तुझा फोटो आहे, त्यावर लिहिलंय, खाली नाव आहे. वाचलं मी. सगळ्यांना दाखवलं. मोठा आहे ना तो, नेट जातं माझं."

मावशी खोटे बोलत नव्हती. आपण व्हिडिओ पाहिला असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते. संदेशात दुवा आला की त्याच्याबरोबर चित्र, शीर्षक आणि एखादी ओळ येते. एवढे वाचले की माणसाच्या मते ते पाहून झाले.

"मावशी, खर्च निघत नाही. निम्माही निघत नाही. आत मी तेच सांगितलंय."

मावशीने मागचा गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मग वर तसं का लिहिलंस?"

मी नाही लिहिले, दादाने लिहिले, हे उत्तर तिच्या जिभेवर आले. ते खरेही होते. पण पाच दिवस ती पाटी तिने वाचली होती आणि खाली उतरवली नव्हती. आता ती तिची झाली होती. ती म्हणाली, "चुकलं. काकांना सही करू नका म्हणून सांग."

"तू काकांशीच बोल," मावशी म्हणाली. आवाज बदलला होता.

काका फोनवर आले. मावशीचे यजमान, एका शाळेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला होता, कारण तो बहुधा त्यांनीच लिहिलेला असे.

"बोल."

"काका, माझं ऐका. महिन्याला अठ्ठ्याऐंशी हजार लागतात. कमाई झाली तर अडतीस. पहिले काही महिने तीही नाही."

"काल लिहिलंस निघतो. आज म्हणतेस निघत नाही."

"शीर्षक चुकीचं आहे. मी बदलते आज."

"सगळ्या जगाने वाचलेलं चुकीचं, आणि मला एकट्याला फोनवर सांगतेस ते बरोबर?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. "हे बघ, तू गेलीस, तेव्हा तुझ्या वडिलांना आम्ही कुणी अडवलं नाही. आता धाकटी निघाली तर वर चढून शिडी ओढून घेतेस?"

"काका, तसं नाही हो."

"मग कसं ते तुझ्या शीर्षकात लिहायचंस."

फोन बंद झाला. तिने चादरी पिळल्या, दोरीवर घातल्या आणि स्वयंपाकघरात येऊन दादाला व्हिडिओ कॉल लावला. पाहुणा टेबलाशी बसला होता. तो उठून जाऊ लागला, पण किटली चालू होती म्हणून थांबला.

"मी एक अक्षर कापलेलं नाही," दादा म्हणाला. "तुझा व्हिडिओ आहे तसा आहे. अठ्ठ्याऐंशी हजार आहेत, अडतीस आहेत, लाल हात आहेत. ज्याला बघायचंय त्याने बघावं."

"दारावर खानावळ लिहायचं आणि आत दवाखाना ठेवायचा. आत गेल्यावर कळेल म्हणायचं."

"आत गेल्यावर कळतंच की."

"लोक दारातूनच पैसे भरतायत, दादा. मावशीने भरले."

"माहितीये."

तिला आधी अर्थ लागला नाही. "तुला कसं माहीत?"

"संस्थेच्या सरांचा मेसेज आला. आपल्या दुव्यावरून नोंदणी झाली की आपल्याला कळवतात. पंधरा टक्के असतात."

किटली बंद झाली. पाहुण्याने कपात पाणी ओतले नाही.

"तू धाकटीवर कमिशन घेतलंस."

"घेतलं नाही अजून. महिनाअखेर येईल. आणि मी घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं. ते लोक कुठे ना कुठे भरणारच होते."

हे शेवटचे वाक्य प्रत्येक मध्यस्थाच्या तोंडी असते, आणि ते म्हणताना प्रत्येकाचा चेहरा असाच असतो: थोडा दुखावलेला, थोडा शहाणा. माणूस चोरी करताना घाबरतो; कमिशन घेताना तो समजावून सांगतो. हेडमास्तरणीला त्याच्याशी आणखी भांडावेसे वाटले नाही. तिरस्कार पूर्ण झाला की भांडण उरत नाही.

तिने लॅपटॉप उघडला. शीर्षक बदलले: "महिन्याला ८८ हजार खर्च, ३८ हजार कमाई: परदेशातला माझा एक दिवस." या वेळी आकडे आधी घेतले, म्हणजे फोनवर कापले गेले तरी ते कापले जाणार नाहीत. वर्णनाच्या पहिल्या ओळीतला दुवा काढून तिथे एक वाक्य घातले: काम करून खर्चाचा निम्मा भागही निघत नाही. जाहिरातीच्या चौकटीत खूण केली, म्हणजे व्हिडिओ सुरू होताच कोपऱ्यात तशी सूचना दिसेल. प्रकरणांच्या यादीत शून्यापासूनची पहिली ओळ परत घातली आणि नवव्या मिनिटाच्या ओळीत "हिशेब" पुसून "खर्च ८८ हजार, कमाई ३८ हजार" असे लिहिले. मुखचित्र बदलायला तिच्याजवळ दुसरे चित्र नव्हते. तिने लाल हातांचा एक तुकडा थांबवून लावला.

मग घरच्या ग्रुपवर जाऊन पाहिले. तिथे ती अजून हसत होती. पिवळ्या अक्षरांत खर्च अजून निघत होता. संदेशात जे चित्र आणि शीर्षक एकदा गेले ते त्या संदेशाचे होऊन राहते. मूळ पाटी बदलली तरी आधी पोचलेली पाटी बदलत नाही. मावशीने तो संदेश आणखी कुठे पाठवला असेल, तिथेही ती हसत असणार.

"बैल गेला नि झोपा केला," पाहुणा म्हणाला. त्याने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला.

"बैल अजून गेला नाही. सही सोमवारी आहे."

"मग ग्रुपवर लिही."

तिने लिहिले: शीर्षक चुकीचे होते, कृपया नववे मिनिट पाहा. त्याखाली एका आत्याने जोडलेले हात टाकले. एका चुलत्याने लिहिले, प्रगती करत राहा. काकांनी काही लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी शीर्षक पुन्हा जुने झाले होते, दुवा परत वर आला होता, जाहिरातीची खूण गेली होती. तिने पुन्हा बदलले. संध्याकाळी ते पुन्हा उलटले, आणि तिने चॅनेल उघडायचा प्रयत्न केला तेव्हा तिथे तिला प्रवेश नव्हता. दादाचा मेसेज होता: सर फार चिडले आहेत, काही दिवस तू यात पडू नकोस, तुझ्याच भल्यासाठी. तिचा चेहरा, तिचा आवाज, तिचे हात चॅनेलवर होते. त्यांच्याबद्दल एक ओळ लिहायचा अधिकार तिला उरला नव्हता.

पण दादा आळशी होता. फसवणूक करायलासुद्धा जी चिकाटी लागते ती त्याच्यात नव्हती. त्याने शीर्षक पाहिले, वरच्या दोन ओळी पाहिल्या, खूण काढली, मुखचित्र पुन्हा जुने लावले. त्याखालची प्रकरणांची यादी त्याने वाचलीच नाही. ती तिने लिहिली तशीच, शून्यापासून, राहिली. आणि त्यामुळे व्हिडिओच्या पट्टीवर तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचे नाव आले.

रविवारी धाकटीचा फोन आला. ती दिसत नव्हती. फोन कुठेतरी टेबलावर ठेवलेला होता आणि पडद्यावर फक्त छत आणि पंखा.

"ताई, मी आज पाहिला. पूर्ण नाही."

"कुठवर?"

"मला कंटाळा आला तुझ्या बसथांब्याचा. बोट पुढे ओढलं, तर पट्टीवर लिहून आलं, खर्च अठ्ठ्याऐंशी, कमाई अडतीस. म्हटलं हे काय. तिथे थांबले. बाबा शेजारीच होते."

"मग?"

"मग काही नाही. चार मिनिटं पाहिलं दोघांनी. बाबांनी दोनदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ते तुझ्याबरोबर आकडे म्हणत होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा." धाकटी हसली नाही. "मग म्हणाले, ही मुलगी खरं बोलते, पण कुणाला ऐकू येणार नाही अशा जागी बोलते. आणि चप्पल घालून बाहेर गेले."

हेडमास्तरणीने हे वाक्य ऐकून घेतले. दोन वर्षांत तिच्या कामावर मिळालेला तो सर्वांत नेमका शेरा होता, आणि तो देणाऱ्याने प्रबंध लिहिला नव्हता, फक्त पंचाहत्तर हजार भरले होते.

"उद्या सही?"

"नाही. घर नाही ठेवायचं म्हणाले. मला इथेच प्रवेश घ्यायला सांगितलंय." मग ती म्हणाली, "मला यायचं होतं, ताई."

"माहितीये."

"तू आधी सांगितलं असतंस तर मला इतकं यावंसं वाटलंच नसतं."

पंखा फिरत राहिला. दोघींपैकी कोणी फोन बंद केला ते तिला नंतर आठवेना.

काका सोमवारी बँकेत गेले नाहीत, संस्थेत गेले. समुपदेशक सरांनी त्यांना चहा दिला, पावतीच्या पाठीमागची बारीक अक्षरे दाखवली आणि नोंदणी शुल्क कोणत्याही कारणाने परत होत नाही हे आदराने समजावून सांगितले. काकांनी लिहिलेल्या शब्दावर आयुष्यभर विश्वास ठेवला होता. ती अक्षरे त्यांनी दोनदा वाचली आणि उठले.

हेडमास्तरीण अजून बेकरीत ट्रे घासते. तिने स्वतःच्या नावाचे नवे चॅनेल काढले, तोच व्हिडिओ नव्याने कापला. आता हिशेब पहिल्या मिनिटाला आहे, शीर्षकात आकडे आहेत, शीर्षक तिने स्वतः लिहिले आहे. तो फार कमी लोक पाहतात आणि जे पाहतात त्यांतले काही खाली लिहितात की ताई, तू निराश दिसतेस. जुना व्हिडिओ दादाच्या चॅनेलवर आहे तसाच आहे. तिथे ती हसते आहे आणि लोक तिचे आभार मानत आहेत.

महिनाअखेरीस दादाला कमिशन मिळाले. धाकटीच्या वाटचे अकरा हजार अडीचशे मावशीला द्यावेत असे तिने त्याला तीनदा लिहिले. दोनदा त्याने अंगठा पाठवला, तिसऱ्यांदा काही नाही.

काकांचे पंचाहत्तर हजार परत आलेले नाहीत. दादाने अकरा हजार अडीचशे दिलेले नाहीत.